तीन दिवस घरात कोंडून दारू सोडवण्याबद्दल

फिरत असलेला मजकूर असा: “दारू सोडणं म्हणजे फक्त मनाचा निर्धार. माणसाला तीन दिवस घरात ठेवा, बाटली दिसू देऊ नका, ग्लुकोज आणि लिंबूपाणी पाजा. हात थरथरले, घाम आला तर घाबरू नका, अंगातलं विष बाहेर पडतंय. आमच्या काकांनी अशीच सोडली. हॉस्पिटलवाले नुसते पैसे उकळतात.”

मी व्यसनमुक्तीच्या वॉर्डात काम करतो. या ओळी वाचून ज्या घरात आज रात्रीच कुणाची दारू बंद करायचं ठरतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सुरुवात “विष बाहेर पडतंय” पासून करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं. दारू मेंदूला मंद करते. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू त्या मंदपणाला पुरून उरण्यासाठी स्वतःला सतत जास्त चेतवत राहतो. दारू एकदम थांबली की दाबणारं काही उरत नाही आणि चेतवणं मात्र चालूच राहतं. थरथर, घाम, धडधड, उलट्या, झोप उडणं हे सगळं त्या मोकाट सुटलेल्या मेंदूमुळे होतं. शरीर स्वच्छ होत असल्याची ती खूण नाही. कधी ते एक-दोन दिवसांत ओसरतं, कधी वाढत जातं. कुणाचं वाढणार, याचा बराचसा अंदाज आधी बांधता येतो.

आता त्या तीन दिवसांचं बघू. एक माणूस डोळ्यासमोर आणा: वय ४६, रोज तीन क्वार्टर, त्यातली पहिली सकाळी उठल्या उठल्या, कारण त्याशिवाय हात स्थिर होत नाहीत. शेवटचा पेग रविवारी रात्री दहाला. सोमवारी सकाळी चहाचा कप बशीवर खडखडतो, दाढी करता येत नाही. सोमवार पहाटेपासून मंगळवार रात्रीपर्यंत फिट येण्याचा धोका असतो, आणि ती आधी काही इशारा न देताही येते. मंगळवारी तो चादरीवरच्या मुंग्या झटकतो. मुंग्या नसतात, पण आपण घरीच आहोत हे त्याला अजून कळतं. मंगळवार रात्र ते गुरुवार रात्र हा सगळ्यात वाईट काळ. याला डॉक्टर ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. माणूस बायकोला ओळखत नाही, मध्यरात्री “ड्युटीला उशीर झाला” म्हणून दार उघडायला धावतो, अंगात ताप, नाडी १२० च्या पुढे. उपचार नसतील तर यात माणूस दगावू शकतो. वेळेत उपचार झाले तर बहुतेक जण वाचतात. म्हणजे मजकूर ज्या दिवशी “झालं, सुटली” म्हणायला सांगतो, त्याच दिवशी खरी भीती असते. दारू थांबल्यापासून निदान पाच दिवस कुणीतरी शुद्धीतलं माणूस जवळ हवं.

काकांची गोष्ट खरी असेल, नाही कशाला म्हणू? रोज पिणारे बरेच जण घरी थांबवतात आणि थोड्या अस्वस्थतेवर निभावतं. प्रश्न एवढाच, की आपल्या घरातला माणूस काकांसारखा आहे का? त्यासाठी आधी रोजचा हिशेब मांडा. लेबलवर ४२.८ टक्के लिहिलेल्या ७५० मिलीच्या खंब्यात सुमारे ३२० मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक सूचना दिवसाला १० मिलीच्या ३० युनिटपेक्षा जास्त, म्हणजे जवळजवळ खंबाभर पिणाऱ्याला भरती करून दारू सोडवण्याचा विचार करा, असं सांगते. १५ युनिटच्या पुढे, म्हणजे साधारण अद्धा, गेलं तर घरी थांबवतानाही वैद्यकीय मदत हवीच. हातभट्टीचं प्रमाण कुणालाच माहीत नसतं, तिथे आकडा धरून चालू नका.

आपल्या माणसाच्या तीन क्वार्टर म्हणजे सुमारे २३ युनिट. नुसत्या आकड्यावर तो डॉक्टरांच्या देखरेखीत घरी सोडू शकेल. पण दोन वर्षांपूर्वी गणपतीत दारू बंद ठेवली तेव्हा त्याला फिट आली होती, असं बायको सांगते. बस, इथे निकाल लागला: भरती. आधी फिट किंवा भ्रम झालेल्याला ते पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते, आणि दर वेळच्या सोडण्या-धरण्यात त्रास चढत जाऊ शकतो. म्हणून “मागच्या वेळी सोडली तेव्हा काय झालं?” हा प्रश्न “किती पितोस?” पेक्षा मोलाचा आहे. फिट आली नसती, पण तो झोपेसाठी अल्प्राझोलामच्या गोळ्याही घेत असता, लिव्हर बिघडून पोटात पाणी झालं असतं, डोक्याला मार लागला असता, ताप असता, जीव देण्याची भाषा करत असता किंवा घरी एकटाच असता, तरी मी भरतीच सांगितली असती. गरोदर बाईच्या बाबतीतही तेच.

ग्लुकोजबद्दल. बरेच दिवस दारूवर काढलेल्या माणसाच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, फार कमी असतं. तशात नुसती ग्लुकोजची सलाईन लावली तर उरलेलं थायमिनही संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. चालताना झोक जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं, गोंधळ या तिच्या खुणा. “जरा सलाईन लावा, ताकद येईल” म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात नेलंत, तर दारूचं आधी सांगा आणि थायमिनचं इंजेक्शन मागा. लिंबूपाण्याला हरकत नाही, त्याने फिट मात्र थांबत नाही.

राहिला पैशांचा मुद्दा. अवाच्या सवा बिलं लावणाऱ्या जागा आहेत, हे मी नाकारत नाही. पण योग्य माणसाला घरी सोडवणं हाही वैद्यकीय उपचारच आहे, आणि तो स्वस्त आहे. डॉक्टर आधी तपासतात, क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी देतात आणि पाच-सात दिवसांत डोस उतरवत बंद करतात. लिव्हर खराब असेल तर गोळी बदलतात. जोडीला थायमिन असतं. गोळ्या रुग्णाच्या हातात नसतात, घरचं माणूस वेळेवर देतं, आणि पहिले काही दिवस रोज कुणीतरी नाडी, थरथर, शुद्ध तपासतं. गोळीवर दारू प्यायली तर श्वास मंदावू शकतो, म्हणून प्यायलाच तर पुढची गोळी न देता डॉक्टरांना फोन करायचा. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या आणून हे करू नका. भरती लागणार असेल तर जिल्हा रुग्णालयात आधी विचारा. कुठे जावं हेच कळत नसेल तर १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाउनमुळे दुकानं एका रात्रीत बंद झाली, तेव्हा बंगळुरूच्या रुग्णालयांत फिट आणि भ्रम झालेले रुग्ण वाढल्याची नोंद डॉक्टरांनी केली. त्यांच्या निर्धाराची परीक्षा कुणी घेतली नव्हती, दारू फक्त अचानक थांबली होती. म्हणून सकाळी पिल्याशिवाय हात थरथरणाऱ्याची दारू डॉक्टर भेटेपर्यंत एकदम तोडू नका. बाटली लपवण्याआधी अपॉइंटमेंट घ्या.

आणि घरी असताना फिट आलीच, तर तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, १०८ ला फोन करा. फिट थांबली तरी न्यायचंच. तसंच माणूस भलतंच बोलू लागला, नसलेलं दिसू लागलं, पाणीही पोटात टिकेना किंवा ताप चढला, तर सकाळची वाट बघू नका. डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: शेवटचा पेग किती वाजता घेतला, रोज किती होती, आणि दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत.