‘पठ्ठा’मध्ये ठ एकच आहे

तालमीत वस्ताद पाठीवर थाप मारून म्हणतो, “शाब्बास पठ्ठ्या!” शाळेत आपल्याला ‘पठ्ठा’ची फोड शिकवली ती अशी: प, मग अर्धा ठ, मग पूर्ण ठा. माझं मत विचाराल तर ही फोड कागदापुरती ठीक आहे. तोंडात ठ एकच असतो, फक्त लांबलेला.

पटत नसेल तर तळहात तोंडासमोर धरा आणि ‘पठ्ठा’ म्हणा. हवेचा झोत हाताला एकदाच लागतो. आता ‘साठ ठिकाणी’ म्हणा, पण सावकाश, दोन शब्द वेगळे ठेवून. झोत दोनदा लागेल. इथे खरोखर दोन ठ आहेत.

कारण साधं आहे. ठ म्हणताना जीभ वर टेकते, हवा अडते आणि मग सुटते. ठ मधला ‘ह’सारखा श्वास येतो तो हवा सुटतानाच. ‘पठ्ठा’मध्ये जीभ एकदा टेकली की ती तशीच धरून ठेवली जाते आणि शेवटी एकदाच सुटते. मधे सुटकाच नाही, तर पहिल्या ठ चा श्वास येणार कुठून? म्हणजे उच्चार ‘पट्ठा’ असाच होतो. संस्कृतात ‘बुद्ध’, ‘शुद्ध’ लिहितात, ‘बुध्ध’ नाही, ते याच हिशेबाने. मराठीत मात्र चिठ्ठी, गठ्ठा, अख्खा, मठ्ठा अशी रूढी पडली. (मिसळीच्या हॉटेलातल्या पाटीवर ‘मट्ठा’ करा असं मी म्हणत नाही. पाटी राहू दे. पण पोरांना उच्चार शिकवताना ‘दोनदा ठ म्हण’ असं सांगू नका, एवढंच.)

दुसरा पुरावा आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. खासबागेत कुस्त्यांना किती गर्दी होती विचारलं की कुणी नुसतं ‘मोठी’ म्हणत नाही. “लई मोठ्ठी!” आणि अजून जोर द्यायचा असेल तर तो ठ आणखी ताणतात. ताणताना वाढतं काय, ते ऐका. वाढते ती मधली शांतता, जीभ टेकून हवा अडलेली असते तेवढा वेळ. सुटका एकच राहते. मोबाईलवर रेकॉर्ड करून तो आवाज प्राट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडला तर हे डोळ्यांनीही दिसतं. ‘मोठी’मध्ये स्वरानंतर लहानसा सपाट पट्टा, मग स्फोटाची एक उभी रेघ. ‘मोठ्ठी’मध्ये सपाट पट्टा लांब, रेघ तरीही एकच. सावकाश म्हटलेल्या ‘साठ ठिकाणी’त मात्र सपाट, रेघ, पुन्हा सपाट, पुन्हा रेघ. जगातल्या भाषांत नीट उच्चारलेलं असं लांब व्यंजन साध्याच्या साधारण दीडपट ते तिप्पट असतं. त्यामुळे नक्की दुप्पट भरलं नाही म्हणून ते द्वित्व नव्हे, असं ठरवता येत नाही.

‘कच्चा’चंही तसंच. जीभ जास्त वेळ टेकलेली, आणि च चा घासण्याचा आवाज शेवटी एकदा. ‘आज जा’ सावकाश म्हणा, घासणं दोनदा ऐकू येईल.

आता यातली अडचण. ‘साठ ठिकाणी’ भरभर म्हटलं की पहिली सुटका गळते आणि दोन ठ मिळून एक लांब ठ होतो. कानाला तो ‘पठ्ठा’तल्यासारखाच लागतो. म्हणून भाषाशास्त्रात खरं द्वित्व आणि खोटं द्वित्व असा भेद करतात. खरं शब्दाच्या आतच असतं, कितीही सावकाश बोला, ते तुटत नाही. खोटं दोन तुकड्यांच्या सांध्यावर तयार होतं आणि सावकाश बोललं की उसवतं.

आणि खोट्या द्वित्वासाठी दोन शब्दच लागतात असंही नाही. ‘बोला’ आणि ‘बोलला’ घ्या. बोल आणि ला यांच्यामधला अ आपण बोलताना खातो आणि दोन ल चिकटतात. सगळा अर्थ त्या ल च्या लांबीवर उभा आहे, आणि लिहिताना तिथे जोडाक्षर नाही! ‘म्हणणं’मधला ण तसाच, कानाला ‘अण्णा’तल्यासारखा लागतो.

माझी सगळ्यात आवडती जोडी ‘हलला’ आणि ‘हल्ला’. “पाळणा हलला” आणि “गडावर हल्ला” रोजच्या वेगात म्हणा. ल ला स्फोट नसतो, त्यामुळे तळहाताची युक्ती इथे चालत नाही, आणि कानानेही फरक करणं अवघड. फरक कळतो तो शुद्धलेखन सांगताना किंवा कविता म्हणताना, कारण तिथे खाल्लेला अ परत येतो. अक्षरगणवृत्तात ‘हलला’ म्हणजे लघु, लघु, गुरू, चक्क स-गण. ‘हल्ला’ म्हणजे दोन गुरू, तो त्या जागी बसणारच नाही. मात्रावृत्तात मात्र दोघांच्या चार-चारच मात्रा, तिथे एकाच्या जागी दुसरा खुशाल चालतो.