मिरचीची इमोजी छापता येते, मालकीची होत नाही

विश्रामबागेतल्या एक मावशी गेल्या महिन्यात माझ्याकडे आल्या. घरातूनच भडंग करतात. लसणाचा ठसका, कढीपत्ता कडकडीत, शेंगदाणा भरपूर. दोन वर्षांत गाडा चांगला रुळलाय, मिरजेपासून इस्लामपूरपर्यंत दुकानांत माल जातो. एका हातात पाऊच, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मोबाईलवर ट्रेडमार्क ऑफिसचा एक्झामिनेशन रिपोर्ट. पाऊचवर मोठ्या अक्षरांत ‘झणझणीत’ आणि शेवटच्या ‘त’ला टेकून लाल मिरची, 🌶️. आपण व्हॉट्सॲपवर टाकतो तीच.

“बाई, फी भरली, अर्ज केला, मग हे ऑब्जेक्शन कशाला?” एवढंच त्या विचारत होत्या.

मी सांगलीत लेबलं आणि पाऊच डिझाईन करते. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या लोगोत एक तरी इमोजी असते. हळदवाल्याला ✨ हवं, बेदाणेवाल्याला 🍇, केकवाल्या मुलींना ❤️. दिसायला छान दिसतं, मला मान्य आहे. पण अर्ज भरून देणाऱ्यांनी या बायकांना आधी दोन गोष्टी समजावून सांगायला हव्यात आणि त्या कुणी सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो. मावशींचा अर्ज ज्यांनी भरला त्यांनी पाऊचचा फोटो घेतला, अपलोड केला, पैसे घेतले आणि विषय संपवला.

पहिली गोष्ट. ट्रेडमार्क म्हणजे नुसतं सुंदर चित्र नाही. हा माल अमक्याचा आहे, तमक्याचा नाही, हे गिऱ्हाईकाला ज्यावरून कळतं ती खूण. १९९९ च्या कायद्याचं कलम ९ सांगतं की ज्या खुणेत वेगळेपण नाही, किंवा जी फक्त मालाचा प्रकार आणि गुण सांगते, ती नोंदवता येत नाही. आता भडंगावर मिरची काय सांगते? तिखट आहे, एवढंच. ‘झणझणीत’ काय सांगतं? तेच. शब्दाने एकदा सांगितलं, चित्राने पुन्हा सांगितलं, आणि दोन्हींतून मावशी कुठेच कळल्या नाहीत. हीच मिरची कुणी चपलांच्या ब्रँडला लावली असती तर तिचा तिखटपणाशी संबंध राहिला नसता आणि गोष्ट वेगळी झाली असती. इमोजीला कायद्यात सरसकट बंदी नाहीच. ती कुठल्या मालावर बसते, त्यावर सगळं ठरतं.

कलम ९ मध्ये एक वाट आहे. अर्जाच्या तारखेआधीच्या वापराने तो शब्द तुमचाच म्हणून लोकांत ओळखला जाऊ लागला असेल, तर नोंद मिळू शकते. पण त्यासाठी बिलं, जाहिराती, विक्रीचे आकडे लावावे लागतात. दोन वर्षांची वहीतली विक्री आणि ‘झणझणीत’सारखा रोजच्या बोलण्यातला शब्द, यावर ते सिद्ध होईल असं मला वाटलं नाही. उत्तराला तीस दिवस असतात. त्यातले अकरा उरले होते.

समजा, अर्ज पास झाला असता. तरी काय मिळालं असतं? इथे कलम १७ बघायला हवं, आणि हेच कुणी सांगत नाही. नोंद मिळते ती अख्ख्या लोगोला, जसा दाखल केला तसा. त्यातला जो भाग धंद्यात सगळेच वापरतात किंवा ज्यात वेगळेपण नाही, त्या भागावर स्वतंत्र हक्क मिळत नाही. उद्या मार्केट यार्डाजवळ कुणी वेगळ्या नावाने भडंग काढलं आणि त्यावर हीच 🌶️ छापली, तर मावशींना त्याला अडवता येणार नाही. मिरची त्यांच्या सर्टिफिकेटवर असेल, पण हातात नसेल.

याचं एक बाहेरचं उदाहरण आहे. ज्यांचा सगळा व्यवसायच हसऱ्या चेहऱ्यावर उभा आहे त्या स्मायली कंपनीने युरोपात नुसतं अर्धं हसू, म्हणजे तोंडाची अर्धी रेघ, ट्रेडमार्क म्हणून मागितलं. २००९ साली युरोपियन युनियनच्या लक्झेंबर्गच्या कोर्टाने नाही म्हटलं. इतक्या साध्या रेघेवरून माल कुणाचा ते गिऱ्हाईकाला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपण घरगुती उद्योगवाल्यांनी फोनमधल्या चित्रावर विसंबू नये.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला पहिलीपेक्षा जास्त धोक्याची वाटते. ते चित्र आहे कुणाचं?

मावशींचा पाऊच मी भिंगाखाली धरला. मिरचीच्या कडा फाटल्यासारख्या दिसत होत्या, देठापाशी हिरव्या-करड्या चौकटी. विचारलं तेव्हा भाच्याने सांगितलं, फोनवर मोठी करून स्क्रीनशॉट घेतला आणि लोगोत बसवली. हे आपल्याकडे सर्रास चालतं. लोकांना वाटतं इमोजी म्हणजे अक्षरासारखी, फुकटची. अर्धं खरं आहे. युनिकोड नावाची जी व्यवस्था आहे ती प्रत्येक इमोजीला फक्त एक क्रमांक देते. मिरचीचा `U+1F336`. तो क्रमांक सगळ्यांचा. पण त्या क्रमांकाला डोळ्यांसमोर जे चित्र उमटतं ते फोनच्या किंवा ॲपच्या कंपनीने बनवून घेतलेलं असतं. म्हणून एकीची मिरची वाकडी, दुसरीची सरळ, तिसरीची चकाकणारी. ते चित्र कलाकृती आहे आणि तिचा कॉपीराइट ती काढणाऱ्या कंपनीचा. ॲपलची इमोजी तुम्ही मेसेजमध्ये पाठवता ती त्यांच्या परवानगीत येते, पण पाऊचवर छापून ब्रँड करायला त्यांनी परवानगी दिलेली नाही.

काही संच खुले आहेत. गूगलचा नोटो आहे, ट्विटरने काढलेला ट्वेमोजी आहे, त्यात श्रेय देण्याची अट आहे. ते छापायला हरकत नाही. पण जे तुम्हाला खुलं आहे ते शेजारच्यालाही खुलं आहे. वापरायची परवानगी आणि फक्त माझं असा हक्क, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ट्रेडमार्क ही दुसरी गोष्ट मागतो. तयार टेम्प्लेटवरून लोगो करून देणाऱ्या ॲपचंही तसंच. त्यातलं चित्र हजारोंच्या लोगोत असतं. अटी वाचा, बहुतेक ठिकाणी ट्रेडमार्कसाठी वापरू नका असं लिहिलेलं सापडेल.

मावशींना मी स्पष्ट सांगितलं की ‘झणझणीत’ लढवत बसू नका, नवीन नाव घ्या. त्या गप्प झाल्या. दोन वर्षं ज्या नावाने हाक मारली ते सोडायला सांगणं सोपं नाही. चहा झाल्यावर म्हणाल्या, “पहाटे चुरमुरे भाजायला उठते ना, तेव्हा मागच्या आंब्यावर पिंगळा बोलत असतो. मी त्याच्याशी बोलते.” (खरं नाव दुसरं आहे, अजून अर्ज चालू आहे म्हणून इथे पिंगळा म्हणते. जात तीच, पाखराचीच.)

मला ते ऐकताक्षणी आवडलं. पिंगळ्याचा भडंगाशी काही संबंध नाही, आणि संबंध नाही म्हणूनच ते नाव ट्रेडमार्कला पक्कं. भाचा लगेच म्हणाला, “मग 🦉 लावू!” त्याचा उत्साह मोडायचा नव्हता, पण इथे पुन्हा तेच. घुबडाची इमोजी भडंगाचं वर्णन करत नाही, म्हणजे कलम ९ चा अडसर मिरचीइतका नाही. पण चित्र परक्याचं राहतंच. शिवाय तो पिंगळा नाही. पिंगळा लहान असतो, अंगावर पांढरे ठिपके, डोळे पिवळे, भुवया पांढऱ्या, आणि खाली-वर मान करत तुमच्याकडे बघतो. ती इमोजी तपकिरी मोठं घुबड आहे. आम्ही मावशींच्याच अंगणात बसून तीन संध्याकाळी तो पाहिला आणि मी शाईने काढला. शेपटीची रेघ ‘ळ’च्या पोटातून जाते.

मग कागदपत्रं. चित्र मी काढलं म्हणजे कायद्याने आधी ते माझं. मावशींनी पैसे दिले एवढ्याने ते त्यांचं होत नाही, लेखी हस्तांतर लागतं. त्यातही मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायदा ती पाचच वर्षं धरतो. म्हणून मी ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभर’ असं लिहून सही करून दिली. तुमच्या डिझायनरकडून हा कागद घ्या, तो ओळखीचा असला तरी घ्या.

अर्ज दोन केले. एक नुसत्या शब्दाचा, चित्राशिवाय. अक्षरांचं वळण बदललं, पाऊचचा रंग बदलला, चित्र काढून टाकलं, तरी शब्द सुरक्षित. दुसरा शब्द आणि पाखरू मिळून, डिव्हाइस म्हणजे चित्राची खूण म्हणून, काळ्या-पांढऱ्यात. रंगाची मर्यादा घातली नाही तर कलम १० प्रमाणे नोंद सगळ्या रंगांना लागू धरतात. अर्जात मालाचा वर्ग लिहावा लागतो, आमचा वर्ग ३०, भडंग त्यातच येतं. मावशी स्वतःच्या नावाने अर्ज करतात म्हणून ऑनलाइन फी प्रत्येकी ४,५०० रुपये. पैसे एकाच अर्जाचे असतील तर शब्दाचा करा, असं माझं मत. चित्र पुढच्या वर्षी चालेल.

आणि अर्जाआधी शोध. नुसता शब्द टाकून शोधलं की चित्रं सापडत नाहीत. चित्रांना व्हिएन्ना कोड नावाचे आकडे दिलेले असतात, त्या कोडने वेगळा शोध घ्यावा लागतो. वर्ग ३० मध्ये घुबडं किती निघाली ते बघून मी थोडी धास्तावले होते, पण आमच्या पाखराच्या जवळपास जाणारं, मान तिरकी केलेलं, एकही नव्हतं. हा शोध आधीच्या अर्जावेळी झालाच नव्हता.

अजून निकाल लागायचा आहे. परीक्षण होईल, मग ट्रेडमार्क ऑफिसच्या जर्नलमध्ये छापून येईल, त्यानंतर चार महिने कुणालाही विरोध करता येतो. तोवर पाऊचवर ™ लावलंय. ® नोंदणी झाल्याशिवाय लावायचं नाही, हे मी मावशींच्या वहीत लाल पेनाने लिहून दिलं.

मेसेजमध्ये, स्टेटसवर, दिवाळीच्या ऑफरमध्ये 🌶️ टाका, खुशाल टाका. त्याने काही बिघडत नाही. मला अडतं ते फक्त लोगोत. कारण मावशींच्या जुन्या पाऊचचे पाच रंगांचे छपाईचे पाच सिलेंडर होते, आणि मिरची नुसत्या लाल सिलेंडरमध्ये नव्हती. तिचा देठ हिरव्यात होता, सावली काळ्यात, चमक पिवळ्यात. नाव बदललं, मिरची गेली, आणि पाचही सिलेंडर नव्याने कोरावे लागले. छापलेले जुने पाऊच खोलीत छतापर्यंत रचलेले आहेत. ‘झणझणीत’ नावाने ते संपवायला हरकत नाही, माल विकायला नोंद लागत नाही. पण ती स्क्रीनशॉटची मिरची दुसऱ्या कुणाचं चित्र आहे, हे कळल्यापासून मावशींना ते भरवत नाही. परवा गेले तेव्हा त्या आणि त्यांची सून चटईवर बसून प्रत्येक पाऊचवर पिंगळ्याचं स्टिकर मिरची झाकेल असं चिकटवत होत्या. दिवसाला चारशे होतात म्हणाल्या.