जबाबदारी कुणाच्याच अंगाला लागू नये असा रेसी चार्ट कसा बनवायचा

तुमची सीए फर्म वाढतीये, अभिनंदन. आधी दोन टेबलं होती, आता सोलापुरात सात रस्त्याजवळ वरचा मजलापण घेतलाय, पार्टनर दोन झालेत, सीए शिकणाऱ्या आर्टिकल्सना बसायला खुर्च्या पुरत नाहीत, आणि नवीन क्लायंट आला की त्याचं नेमकं कोण बघतंय हे शेवटी क्लायंटच फोन करून विचारतो. मग एखाद्या सेमिनारला जाऊन आलेले धाकटे सर म्हणतात, कुठलं काम कुणाचं ते ठरवायला आपण रेसी चार्ट करू. घाबरू नका. चार्ट नीट केला तरच त्रास होतो, बिघडवून केला तर काहीच बदलत नाही आणि वर भिंतीवर रंगीत कागद दिसतो.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, उभ्या बाजूला कामं, आडव्या बाजूला माणसं, आणि प्रत्येक चौकटीत एक अक्षर. आर म्हणजे जो हातानं काम करतो, ए म्हणजे काम झालं नाही तर ज्याला उत्तर द्यावं लागतं, सी म्हणजे ज्याला आधी विचारायचं, आय म्हणजे ज्याला नंतर नुसतं कळवायचं. नियम एवढाच की एका ओळीत ए एकच. हा नियम पहिल्यांदा मोडायचा.

पहिली ओळ अशी लिहा: 'क्लायंट ऑनबोर्डिंग'. बस्स, एकच ओळ. आर मध्ये 'टीम', ए मध्ये दोन्ही सर, कारण एकालाच ए दिला तर दुसऱ्यांना वाईट वाटेल, सी मध्ये ऑफिसातले सगळे, आय मध्ये पण सगळे. ही ओळ इतकी सुरक्षित आहे की हिच्यातून कुणालाही पकडता येत नाही.

आता ही कशी चालते बघा. समजा अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेलवाला, भागीदारी फर्म, दर महिन्याला रिटर्न भरणारा, डिसेंबरच्या सुरुवातीला तुमच्याकडे आला. आला म्हणजे धाकट्या सरांना लग्नात भेटला आणि जेवणाच्या रांगेतच फी ठरली. सरांनी ग्रुपवर टाकलं, 'नवीन क्लायंट, प्लीज टेक केअर'. सगळ्यांनी अंगठा दाखवला. रिसेप्शनच्या ताईंनी पॅन, आधार, भागीदारी करारनामा घेऊन फाईल केली, त्यांचं काम संपलं. काम आणि फीच्या अटींचं एंगेजमेंट लेटर थोरल्या सरांच्या टेबलावर सहीला गेलं आणि तिथंच राहिलं, कारण सरांना वाटलं धाकट्यांनी बोलणं केलंय तर सही पण तेच करतील. आधीच्या सीएंना पत्र टाकायचं असतं, जिथं ते ऑडिटर होते तिथं तर लेखी कळवल्याशिवाय नवीन सीएनं ऑडिट घेणं हा सीए कायद्यानं गैरवर्तनाचा विषय होतो, ते पत्र ऑडिटवाल्या मॅडम बघतील असं जीएसटीवाल्यांना वाटलं आणि जीएसटीवाले बघतील असं मॅडमना. इथं कुणीच कामचुकार नाही हे लक्षात घ्या, सगळे चार्टप्रमाणेच वागतायत.

आणि जीएसटी पोर्टल? यूजर आयडी, पासवर्ड मालकांनी चिठ्ठीवर लिहून दिला, आर्टिकलनं तो एक्सेलमध्ये टाकला आणि पुढं 'डन' लिहिलं. आत शिरून कुणी बघितलं नाही.

मग ११ जानेवारी उजाडतो, डिसेंबरच्या विक्रीची बिलं दाखवायच्या रिटर्नची, म्हणजे जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख. संक्रांतीचा आठवडा, गड्ड्याच्या यात्रेची गर्दी, निम्मं ऑफिस लवकर निघायच्या तयारीत. संध्याकाळी आर्टिकलनं टॅलीतली बिलं चढवली, सही ओटीपीनं करायची होती, बटण दाबलं आणि मालकांना फोन लावला, 'मालक, ओटीपी आला का?' मालक म्हणाले, 'मला कुठं येतंय, तो नंबर जुन्या अकाउंटंटचा हाय.' जुना अकाउंटंट म्हणजे ज्याच्याशी पगारावरून भांडण होऊन मालक तुमच्याकडे आले तो. तो फोन कशाला उचलेल? शेजारचा आर्टिकल विचारतो, 'अबे, हे आधी चेक कोण करणार होतं बे?' उत्तर चार्टवर आहेच की: टीम.

आता हा नंबर बदलणं म्हणजे पोर्टलवर दोन क्लिकचं काम नाही. जुना नंबर, जुना ईमेल दोन्ही हातात नसतील तर भागीदाराला कागदपत्रं घेऊन आपल्या हद्दीच्या जीएसटी अधिकाऱ्याकडं जावं लागतं, मग ते नवीन नंबर, ईमेल घालून पासवर्ड रीसेट करून देतात. यात दिवस जातात. तोवर १४ तारखेला टॉवेल घेणाऱ्या पार्टीचा २बी, म्हणजे तिला कुठल्या बिलांवर टॅक्सचं क्रेडिट मिळतंय तो तक्ता, तयार होतो आणि त्यात तुमच्या मालकांची बिलं नसतात, ती आता पुढच्या महिन्यात दिसणार. पार्टी म्हणते क्रेडिट दिसत नाही तोवर पेमेंट थांबवलंय. शिवाय जीएसटीआर-१ भरल्याशिवाय महिन्याचा टॅक्स भरायचं ३बी रिटर्न भरता येत नाही, त्यामुळे त्याची २० तारीख पण धोक्यात, त्यानंतर दिवसाला ५० रुपये लेट फी आणि रोखीनं भरायच्या टॅक्सवर वर्षाला १८ टक्क्यानं व्याज. मालकांना लेट फीचं एवढं काही वाटत नाही, अडकलेल्या पेमेंटचं वाटतं.

या सगळ्यात एक धोका सांभाळा. ऑफिसात एखादी नवी मॅनेजर येते आणि तुमची सुंदर ओळ फोडायला बसते. फी आणि एंगेजमेंट लेटर वेगळं, आधीच्या सीएंना पत्र वेगळं, टॅलीचा बॅकअप आणि ओपनिंग बॅलन्स वेगळं. आणि मग ती असली काहीतरी ओळ लिहिते: 'पोर्टलवरचा मोबाईल आणि ईमेल भागीदाराचाच आहे याची खात्री. आर: जीएसटीचा आर्टिकल. ए: जीएसटी मॅनेजर. सी: मालक. आय: धाकटे सर.' वर शेजारी अजून एक रकाना काढून लिहिते, 'क्लायंट आल्यापासून पाच दिवसांत, ओटीपी मालकांच्या हातातल्या फोनवर आलेला बघितल्यावरच पूर्ण.' तारखेचा रकाना मूळ रेसीत नसतोच, तो तिचा आगाऊपणा. पण असं केलं तर भांडण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच होणार, अधिकाऱ्याकडं जायला महिना हातात राहणार, आणि नाही झालं तर लोक थेट एका माणसाकडं बघणार. एवढं उघडं कुणाला परवडतं?

ती फारच ऐकत नसेल तर ओळी फोडू द्या, पण सगळे ए थोरल्या सरांना देऊन टाका. चार्ट बरोबर दिसतो, नियम पाळला जातो, आणि चाळीस ओळींच्या सह्या एका टेबलावर साचतात. किंवा उलटं करा, ए आर्टिकलला द्या. त्याला पार्टनरला 'सर, लेटर सही झाल्याशिवाय काम सुरू करायचं नाही' असं म्हणायची हिंमत नसते आणि अधिकार तर नसतोच, शिवाय परीक्षेच्या सुट्टीवर गेला की ए पण त्याच्याबरोबर सुट्टीवर. त्यासाठी चार्टवर पदं न लिहिता नावंच लिहा, बदली माणूस तर अजिबात लिहू नका.

सी चा वापर सढळ हातानं करावा. प्रत्येक ओळीत पाच सी असले की साधं पत्र पाठवायलासुद्धा ग्रुपवर चर्चा होते, आणि कुणी विचारलं की 'अजून मॅडमचं मत यायचंय' म्हणता येतं.

राहिली एक ओळ, जी मॅनेजर हमखास शेवटी विचारते: उशीर झाला तर लेट फी कोण भरणार? ही पण चार्टमध्ये घाला, आर कोरा, ए कोरा, सी कोरा, आणि आय मध्ये लिहा: मालक.