डिंक्यावरचा प्रबंध अडीच मिनिटांत

माझा पीएचडीचा प्रबंध नागपुरी संत्र्यावरच्या डिंक्या रोगावर आहे. मागच्या उन्हाळ्यात एका अ‍ॅनिमेटर मैत्रिणीला सोबत घेऊन त्याचा अडीच मिनिटांचा व्हिडिओ केला. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की व्हिडिओ म्हणजे प्रबंधाचा सारांश नव्हेच. प्रबंधातला एकच प्रश्न उचलायचा आणि तो चित्रांत सोडवायचा.

सावकाश बोललं तर अडीच मिनिटांत निवेदनाचे जेमतेम तीनशे शब्द बसतात. पहिल्या खेपेला मी गोषवाराच वाचून रेकॉर्ड केला आणि त्यावर चित्रं चिकटवली. रोगाचं अख्खं जीवनचक्र, बाण, लॅटिन नावं, सगळं होतं. घरच्यांनी बघितलं, "छान आहे" म्हणाले. काय कळलं विचारलं तर कोणालाच सांगता येईना.

मग प्रश्न ठरवला: झाडाच्या खोडाला पाणी लागून राहिलं तर काय होतं? याच्या उत्तरात न येणारं सगळं काढलं. संत्र्याचं कलम ज्यांवर बांधतात त्या जंबेरी आणि रंगपूर लाईम या खुंटांच्या तुलनेचं माझं प्रकरणही गेलं. तीन वर्षं त्यात घातली होती, वाईट वाटलं. शेवटी तीन चित्रं उरली.

पहिलं, पाण्याचा थेंब. डिंक्या फायटोफ्थोरा नावाच्या सूक्ष्मजीवामुळे होतो. तो बुरशीसारखा दिसतो, पण खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. त्याचे चल बीजाणू दोन शेपट्यांच्या जोरावर पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात. आम्ही ते मोठे, हिरवे, वळवळणारे काढले. काटोलला मामांची संत्र्याची बाग आहे, त्यांना दाखवलं. ते लगेच म्हणाले, "बाई, हा किडा कोन्त्या फवाऱ्यानं मरते?" चूक तिथेच कळली. आकाराचा अंदाज येईल असं चित्रात काहीच नव्हतं, म्हणून बीजाणूचा किडा झाला होता. आता सुरुवात माणसाच्या बोटावरच्या थेंबापासून होते. थेंबात एक केस पडलेला आहे. कॅमेरा आत जात राहतो, केस दोरखंडाएवढा होतो, आणि तेव्हा कुठे त्याच्या शेजारी बीजाणू दिसतात. केसाच्या जाडीत असे सहा-सात सहज मावतात. हिरवा रंग काढला, पाण्याचाच ठेवला.

दुसरं चित्र खोडाच्या उभ्या छेदाचं, त्यावर फार वेळ घेतला नाही. जमिनीलगतची साल आतून तपकिरी होते, डिंक ओघळतो, साल खोडाभोवती सडत गेली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे उतरत नाही, आणि वरची पानं पिवळी पडतात. ओघळणारा डिंक एवढाच आवाज ठेवला, निवेदन बंद.

तिसरं चित्र दुहेरी आळ्याचं, आणि सगळ्यात जास्त त्यानेच छळलं. खोडाभोवती आतला एक वरंबा, बाहेर दुसरा, आणि पाणी दोन्हींच्या मधल्या चरात द्यायचं, म्हणजे खोड कोरडं राहतं. वरून काढलं तर ते ताटासारखं दिसत होतं, म्हणून बाजूचा छेद घेतला. दुसऱ्या चित्रातलंच झाड, कॅमेरा तिथेच, फक्त पाण्याची जागा बदलली. बघणाऱ्याला फरक शोधावा लागला नाही.

पण पहिल्या आवृत्तीत बीजाणू वरंब्यावर आपटून मागे फिरत होते. दिसायला सुरेख, आणि साफ खोटं. वरंबा म्हणजे भिंत नव्हे, माती ओली होते, पाणी झिरपतं. दुहेरी आळ्याने धोका कमी होतो, जात नाही. प्रबंधात "कमी" लिहून आकडे देता येतात. अ‍ॅनिमेशनमध्ये एका झाडाच्या चित्रात "कमी"चं "शून्य" कधी होतं ते कळतही नाही. माझ्या मते प्रबंधाचा व्हिडिओ करताना सगळ्यात मोठी चूक इथेच होते. आम्ही एका झाडाऐवजी झाडांच्या दोन ओळी काढल्या. साध्या आळ्याच्या ओळीत जास्त झाडं पिवळी, दुहेरीच्या ओळीत कमी, पण तिथेही एक-दोन पिवळी ठेवली. मैत्रीण म्हणाली, याने परिणाम मऊ पडतो. पडू दे, बागेत तसंच दिसतं.

तयार झाल्यावर आवाज बंद करून परत मामांना दाखवलं आणि काय चाललंय ते त्यांनाच सांगायला लावलं. बरोबर सांगितलं त्यांनी. वर विचारलं, "पावसाळ्यात आतल्या आळ्यातच पानी साचलं तर?" काळ्या भारी जमिनीत नेमकं तेच होतं, आणि माझ्या तीन चित्रांत पाऊस नव्हताच. थेंबाच्या चित्रातले दहा सेकंद कापले आणि शेवटी आतल्या आळ्यातून बाहेर जाणारा चर काढला. पाऊस पडतो, चरातून पाणी निघून जातं, खोड उघडं राहतं. तिथे निवेदनाचं एकच वाक्य आहे, आणि ते मामांच्या आवाजात आहे.