आखूड झालेला पाय ओढू नका

«वयस्कर माणूस पडला आणि पाय आखूड होऊन वळला, तर खुबा निखळला असे समजा. पाय सरळ धरून जोरात ओढला की सांधा जागेवर बसतो. चालता येत असेल तर हाड मोडलेले नसते. आणि मोडले तरी पडून राहिल्यास ते आपोआप जुळते. बॉल उगाच बदलतात.»

माझी मावशी पाय घसरून पडली, त्यानंतर तासाभरातच हा संदेश तिच्या घरी पोहोचला आणि मावसभाऊ खरोखरच तिचा पाय ओढायला निघाला होता. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

खुबा सहजासहजी निखळत नाही. मांडीच्या हाडाचे गोल डोके खोल वाटीत बसलेले असते, त्याभोवती जाड आवरण असते आणि त्या आवरणाला अस्थिबंधांची बळकटी असते. त्यांतला समोरचा, उलट्या वाय आकाराचा अस्थिबंध शरीरातल्या सर्वांत मजबूत बंधांपैकी एक असून उभे असताना तो ताणलेला असतो. खुबा दुमडून बसल्यावर मात्र हे बंध सैल पडतात. म्हणूनच निखळण्याची नेहमीची घटना म्हणजे मोटारीचा अपघात: गुडघा समोरच्या फळीवर आदळतो आणि डोके वाटीतून मागे निसटते. अशा माणसाचा पाय आखूड होतो खरा, पण तो खुब्यात दुमडलेला आणि आत वळलेला असतो.

मावशीचा पाय आखूड होता आणि गुडघा व पाऊल बाहेर वळलेले होते. म्हातारपणी उभ्याने पडल्यावर पाय असा दिसला, तर आधी शंका घ्यायची ती हाड मोडल्याची, कारण ठिसूळ झालेले हाड बंधांच्या आधी हार मानते. डोक्याला खालच्या हाडाशी जोडणारी मान तुटली की खालचा तुकडा मोकळा होतो. नितंबाचे आणि मांडीचे लांब स्नायू त्याला वर खेचतात, तर खुब्यामागचे आखूड स्नायू त्याला बाहेर फिरवतात. डोके वाटीतच असते; म्हणजे जागेवर बसवण्यासारखे तिथे काही नसते. ज्यांचा खुबा पूर्वी बदललेला आहे त्यांचा सांधा साध्या हालचालीनेही निखळू शकतो, हा अपवाद तेवढा मान्य आहे.

आता त्या ओढण्याविषयी, कारण या संदेशातले सर्वांत घातक वाक्य तेच आहे. सांध्याचे आवरण समोरून मानेच्या अगदी तळापर्यंत उतरते आणि मागून मानेच्या साधारण मध्यावर संपते. डोक्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या मानेच्या तळाशी या आवरणातून आत शिरतात आणि मानेला चिकटून वर चढतात. ट्रुएटा आणि हॅरिसन यांनी 1953 साली मृतदेहांतील या वाहिन्यांमध्ये द्रव भरून त्यांचा माग काढला, तेव्हा डोक्याचा मोठा भाग याच चढत्या वाहिन्यांवर जगतो हे स्पष्ट झाले. वाटीच्या तळातून डोक्याकडे येणारी छोटी धमनी प्रौढ माणसात सहसा पुरी पडत नाही. त्यामुळे आवरणाच्या आत मान तुटून सरकली की वाहिन्या तुटतात किंवा पिळल्या जातात. ज्या थोड्या शाबूत राहिलेल्या असतात, त्याही आंधळ्या ओढीने तुटण्याचा धोका असतो. रक्त तुटलेले डोके लगेच ओळखू येत नाही. ते काही महिन्यांनी, कधी दोन वर्षांनीही खचते. अशा वेळी पाय आहे त्या स्थितीत उशांनी आधार देऊन स्थिर ठेवावा आणि रुग्णाला आडवेच ठेवून रुग्णालयात न्यावे.

खरोखर निखळलेला सांधा लवकर बसवावा लागतो, शक्यतो सहा तासांच्या आत, एवढे सत्य संदेशात आहे. पण ते काम एक्स-रे पाहून, स्नायू सैल पडतील असे औषध देऊन आणि बहुधा खुबा दुमडून केले जाते. सरळ ओढल्याने समोरचा बंध उलट ताणला जातो.

चालता येण्याचा निकष तर निरुपयोगी आहे. कधी कधी मोडलेली टोके एकमेकांत रुतून बसतात. मग माणूस लंगडत चालतो, जांघेत किंवा नुसते गुडघ्यात दुखते असे सांगतो आणि काही दिवसांनी टोके सरकतात. असा मोड पहिल्या एक्स-रेमध्ये सुटूही शकतो. पडल्यानंतर जांघेतले दुखणे थांबत नसेल तर एमआरआय करावा लागतो.

आपोआप जुळण्याची गोष्ट नाइलाजाने अर्धी मान्य करतो. मानेच्या खाली, आवरणाबाहेर मोडलेल्या हाडाला रक्त भरपूर मिळते आणि ते पुष्कळदा जुळतेही; मात्र त्यासाठी कित्येक आठवडे अंथरुणात काढावे लागतात. त्या काळात शय्याव्रण, न्यूमोनिया आणि पायाच्या शिरांतल्या गुठळ्या जीव घेऊ शकतात आणि हाड बहुधा आखूड व वाकडे जुळते. म्हणून तिथे खिळा किंवा पट्टी बसवून रुग्णाला लवकर उभे करतात. मावशीचा मोड आवरणाच्या आतला आणि सरकलेला होता. तिच्या वयात तो जुळण्याचा भरवसा कमी आणि डोके मरण्याची भीती मोठी, म्हणून तिचा बॉल बदलला. तोच मोड तिशीतल्या माणसाला झाला असता, तर डॉक्टरांनी तातडीने हाड जुळवून स्क्रू बसवले असते आणि त्याचे स्वतःचे डोके वाचवण्याचा प्रयत्न केला असता.