गव्हाळ म्हणजे नेमका कुठला गहू?

चार वर्षांपूर्वी आमचे थोरले काका घरातून निघून गेले. विसरायला व्हायचं त्यांना, आधीही दोनदा गेलेले पण गल्लीतच सापडलेले, ह्यावेळी रात्र झाली तरी पत्ता नाही म्हणून मी आणि चुलतभाऊ पोलीस स्टेशनला मिसिंग द्यायला गेलो, काकू पण हट्टानं सोबत आली. हवालदार विचारत होते तसं भाऊ सांगत होता. वय 71, उंची 5 फूट 5, बांधा सडपातळ, अंगात पांढरा शर्ट आणि करडी पँट. रंग? भाऊ जरा थांबला तर काकूच म्हणाली, गव्हाळ. हवालदारांनी लिहिलं पण गव्हाळ आणि पुढच्या प्रश्नाला गेले.

आता काका गव्हाळ नव्हते हो. आयुष्य उसाच्या रानात गेलेलं, चांगले काळेसावळे. पण काकू खोटं बोलली असं मला नाही वाटत. आपल्याकडं गव्हाळ हा रंग नाहीच, तो सभ्यपणा आहे. आपल्या माणसाला काळा कुणी म्हणत नाही, गोरा म्हटलं तर समोरचा हसेल, मग मधला शब्द गव्हाळ. वधूवर मंडळाच्या फॉर्मात बघा ना, गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा असे चार रकाने असतात आणि सावळ्यावर टिक करणारा माणूस मला तरी अजून भेटायचाय. त्याचंच इंग्रजी करून आपण व्हीटिश बनवलं, तो शब्द भारताबाहेर कुणाला सांगून बघा, समोरचा गोंधळतो.

आणि गहू तरी कुठला धरायचा? लोकवन सोनेरी, खपली लालसर तपकिरी, पीठ केलं की आणखी वेगळा रंग आणि पोळी भाजली की तिसराच. बिहारकडं तर नागाला गेहुअन म्हणतात, म्हणजे त्यांचा गव्हाचा रंग चांगला तपकिरी आहे. गव्हाळ ह्या शब्दाला नेमका रंगच नाही म्हणून तर तो एवढा चालतो, निमगोऱ्यापासून सावळ्यापर्यंत सगळे त्यात बसतात. 2020 मध्ये शादी डॉट कॉमनं लोकांच्या तक्रारीनंतर रंगाचा फिल्टर काढला, बरं केलं, पण लग्नात चुकीचा रंग लिहिल्यानं फार तर बघायच्या कार्यक्रमात कुणाचं तोंड पडतं. पोलिसांच्या कागदावर तोच शब्द आला की तिथं खरा घोळ होतो.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या जिल्ह्यातून फोन आला, एक अनोळखी इसम दवाखान्यात आहे, बोलत नाही. भावानं वर्णन विचारलं. वय अंदाजे 65, रंग काळा, दाढी वाढलेली. भाऊ म्हणाला नाही, आमचे नाहीत. आमच्याच कागदावर गव्हाळ लिहिलेलं ना! त्यात तीन दिवस उन्हात फिरून माणूस आणखी रापतो, आणि तिकडं लिहिणारा आपल्या नजरेनं लिहितो. स्वतः गोरा असलेल्याला सगळेच काळे दिसत असतील, काय सांगावं. मयत असेल तर बोलायलाच नको, दोन-तीन दिवसांत कातडीचा मूळ रंगच राहत नाही, म्हणजे जिथं ओळख पटवायची सगळ्यात जास्त गरज तिथंच हा रकाना बिनकामाचा.

संध्याकाळी परत फोन लावला तो मी, रंगाचं सोडून विचारलं, डाव्या हाताची करंगळी बघा जरा. अर्धी आहे म्हणाले. कडबाकुट्टीत गेलेली, मी शाळेत असताना. ही गोष्ट आम्ही फॉर्मात सांगितलीच नव्हती, कारण खुणेचा रकाना शेवटी होता आणि तोवर काकू रडायला लागलेली.

नजरेनं रंग ठरवायच्या ह्याच चुकीवर एका डॉक्टरनं 1975 मध्ये उपाय काढला होता. अमेरिकेतला फिट्झपॅट्रिक. सोरायसिसला औषध देऊन वर अतिनील किरणांचा डोस द्यायचे, तो केस आणि डोळ्यांचा रंग बघून ठरवायचे तर काही लोक भाजायला लागले. मग त्यानं दिसण्यावरून ठरवायचं सोडलं आणि पेशंटला विचारलं, उन्हात गेल्यावर तुम्ही भाजता का रापता? आधी ते गोऱ्यांपुरतंच होतं, तपकिरी आणि काळ्या कातडीचे प्रकार नंतर आले, आपण बहुतेक चौथ्या-पाचव्यात बसतो. ती पद्धतही काही परफेक्ट नाही, माणूस तिथंही अंदाजानंच उत्तर देतो, पण निदान प्रश्न असा आहे की ज्याला काहीतरी घडलेलं उत्तर आहे.

मिसिंगच्या कागदावर असंच पाहिजे. रंगाचा रकाना काढा नाहीतर सगळ्यात खाली टाका. वर घ्या तुटलेलं बोट, गोंदण, ऑपरेशनचा व्रण कुठल्या बाजूला, दात किती पडलेत, शर्टाच्या कॉलरमागं कुठल्या टेलरचं लेबल. ह्यात कुणाला लाज वाटत नाही त्यामुळं कुणी गोड करूनही सांगत नाही.

काका पुढं दीड वर्ष होते. मी त्यांच्या खुणांचा कागद करून कपाटाला चिकटवला होता, करंगळी, उजव्या गुडघ्यावरचा व्रण, खालचे दोन दात नाहीत. काकूनं पेनानं खाली लिहिलं होतं, वर्ण गव्हाळ.