जाड पॅड, मोठा साइज आणि आत सुती चड्डी : एका सल्ल्याचा प्रतिवाद

«दोनशे किलोमीटरची राइड करायची असेल तर मिळेल ती सर्वांत जाड पॅडची शॉर्ट्स घ्या, जेवढं जाड तेवढं कमी दुखतं. एक साइज मोठी घ्या म्हणजे उन्हाळ्यात हवा खेळती राहते. शिवण वगैरे बघत बसू नका, ती किंमत वाढवायची कारणं. आणि आत सुती चड्डी घाला, घाम टिपला जातो.»

सायकलिंगच्या शॉर्ट्सबद्दलचा हा सल्ला बाजारापर्यंत जाऊन येण्याइतक्या फेरीत निभावून जातो, आणि म्हणूनच तो खरा वाटतो. परंतु बीआरएम या लांब पल्ल्याच्या, ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या सायकल राइडमध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते. त्यांतले आठ तास जरी प्रत्यक्ष पेडल मारण्यात गेले आणि मिनिटाला ८० फेरे धरले, तरी प्रत्येक मांडी सीटच्या कडेला अडतीस हजारांहून अधिक वेळा घासून जाते. शॉर्ट्सची निवड या आकड्याकडे पाहून करायला हवी.

आधी पॅडची जाडी पाहू. सायकलवर बसल्यावर शरीराचा भार प्रामुख्याने कंबरेच्या हाडांच्या खालच्या दोन टोकांवर, म्हणजे बैठकीच्या हाडांवर, यावा अशी अपेक्षा असते. त्या दोहोंच्या मधल्या मऊ भागातून नसा आणि रक्तवाहिन्या जातात, आणि तिथे दाब येऊन चालत नाही. फोम जाड पण विरळ असेल, तर हाडे पहिल्या तासाभरातच त्यात रुतून जवळजवळ तळाला टेकतात आणि मधला न दबलेला फोम वर उचलला जाऊन नेमका त्या नाजूक जागी रेटतो. त्यामुळे पॅड जाड असूनही हाडांखाली दुखते आणि पुढे मुंग्या येतात, बधिरपणा येतो. बधिरपणाला सवयीचा भाग समजून कोणीही सोसत राहू नये; दाब चुकीच्या जागी पडत असल्याची ती खूण आहे.

म्हणून जाडीपेक्षा फोमची घनता महत्त्वाची. लांब पल्ल्याच्या पॅडमध्ये हाडांखालचा फोम साधारणतः घनमीटरला ८० किलो किंवा त्याहून अधिक घनतेचा असतो, काहींत तो १२० पर्यंत जातो; जाडी १० ते १४ मिलिमीटर पुरते, तीही फक्त हाडांखाली. मधे खाच किंवा पातळ पट्टा असावा, आणि कडेकडे पॅड उतरत जाऊन कापडाला मिळावा. जाडी कडेपर्यंत तशीच राहिली, तर मांडीच्या आतल्या बाजूला एक उंचवटा तयार होतो आणि तोच काचतो. घनता लेबलवर छापलेली नसेल, तर दुकानात पॅडचा सर्वांत जाड भाग अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जोरात दाबून पाहावा. दोन्ही बोटे एकमेकांना सहज जाणवली, तर तो फोम आठ तास तग धरणार नाही.

आता साइज. हवा खेळती राहावी हा हेतू समजण्यासारखा आहे, पण जिथे गरम होते ती जागा शरीर आणि सीट यांच्यामध्ये दाबलेली असते. शॉर्ट्स कितीही सैल घेतली तरी तिथे वारा शिरत नाही. सैलपणाने होते ते एवढेच, की पॅड अंगाबरोबर न हलता अंगावर सरकू लागतो, जांघेत त्याची चुणी पडते आणि कातडी सोलवटते. पॅडने कातडीला चिकटून राहावे आणि घासणे झालेच तर ते कापड आणि सीट यांच्यात व्हावे, ही या कपड्याची सगळी रचना आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्याची कंबर ९० आणि नितंबांचा घेर ९७ सेंटिमीटर आहे. कोष्टकात मध्यम साइज कंबर ८० ते ८६ आणि नितंब ९४ ते १०० असा दिला आहे, म्हणजे कंबर पुढच्या साइजकडे ओढते आणि नितंब मध्यमकडे. अशा वेळी नितंबांचे माप मानावे, कारण पॅड तिथे बसतो. कंबरेची अडचण खांद्यावरून पट्टे येणारी बिब शॉर्ट्स घेतल्याने सुटते, कारण तिच्यात पोटावर इलॅस्टिक आवळत नाही. घालून पाहताना ताठ उभे राहून निर्णय करू नये. बिब उभ्याने खांद्यावर ओढल्यासारखी वाटते आणि हँडल धरल्यासारखे वाकले की सैलावते, ते ठीकच आहे. वाकलेल्या स्थितीत एक गुडघा छातीकडे आणावा : पॅड जागचा हलला किंवा मांडीवर कापडाची घडी चिमटीत आली, तर साइज मोठा आहे, पाठीमागे कापड ताणून पारदर्शक दिसू लागले किंवा शिवणीतले दोरे उघडे पडले, तर तो लहान आहे. स्त्रियांनी स्त्रियांसाठीचाच पॅड घ्यावा. त्यातील आधाराची रुंदी आणि मधल्या भागाची ठेवण वेगळी असते, आणि पुरुषांच्या शॉर्ट्सचा लहान साइज ती उणीव भरून काढत नाही.

शिवणीबाबत त्या सल्ल्यात थोडे तथ्य आहे, हे मान्य करायला हवे. सहा तुकड्यांची शॉर्ट्स आणि आठ तुकड्यांची शॉर्ट्स यांतला फरक अंगाला जाणवेलच असे नाही. शिवणीची जात मात्र जाणवते. साध्या ओव्हरलॉक शिवणीत कापडाच्या दोन कडा एकत्र येऊन आतून दोरीसारखी उभी रेघ उमटते. फ्लॅटलॉक शिवणीत त्या सपाट बसतात. शॉर्ट्स उलटी करून मनगटाची आतली बाजू पॅडच्या सबंध कडेवरून आणि जांघेतल्या जोडांवरून फिरवावी. जिथे खरखर किंवा गाठ लागेल, तिथेच चौथ्या-पाचव्या तासाला आग होऊ लागेल.

राहिली सुती चड्डी. सुती कापड घाम टिपते हे खरे, पण टिपलेला घाम ते लवकर सोडत नाही. ओली कातडी मऊ पडते, मऊ कातडीवर घर्षण वाढते, आणि चड्डीची इलॅस्टिक लावलेली कड नेमकी जांघेत, पॅडच्या खाली येते. पॅडचा वरचा थर कातडीला थेट लागावा म्हणूनच बनवलेला असतो. आत काहीही घालू नये. देशावरच्या कोरड्या उन्हात पातळ, घट्ट बसणाऱ्या कापडातून घाम लवकर उडतो; कोकणात किंवा गोव्यात दमट हवेमुळे तो उडत नाही, म्हणून तिथे जाड आणि जेलचा थर असलेला पॅड विशेष त्रासदायक ठरतो, कारण जेलमधून घाम आरपार जात नाही. उन्हात अनेक जण डोक्यावर बाटलीभर पाणी ओततात; ते पाठीवरून ओघळून पॅडमध्ये साठते आणि तासन्तास तिथेच राहते. पुढे वाकून मानेवर आणि हातांवर पाणी घ्यावे, आणि निघताना जांघेत व पॅडच्या कडांवर सायकलिंगचे क्रीम लावावे. राइड संपताच शॉर्ट्स उतरवावी, सॉफ्टनर न वापरता धुवावी आणि उलटी करून सावलीत वाळवावी.

एवढे करूनही दुखणे फक्त एकाच बाजूला होत असेल, तर दुसरी शॉर्ट्स घेण्याआधी सीटची उंची तपासावी. सीट गरजेपेक्षा वर असली की पाय पुरवण्यासाठी कंबर दर फेऱ्याला डावी-उजवीकडे झुकते, आणि ते डोलणे कोणताही पॅड थांबवू शकत नाही.